कच्चं तेल चढतंय की उतरतंय, ते आधी बघा

लातूरच्या सराफ लाईनमध्ये माझ्या एका मित्राचं दुकान आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुपारचा मी तिथंच असतो. नोकरीची बरीच वर्षं सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर गेली, त्यामुळे कसोटीचा दगड आणि काटा दिसला की अजूनही बरं वाटतं. मागच्या महिन्यात औशाकडचं एक जोडपं आलं. सोयाबीनची पट्टी हातात आली होती, भाव हमीभावाच्या खालीच लागला होता, आणि बाईंच्या पदरात गाठ मारलेली बोरमाळ होती. मोडायची की गहाण टाकायची, एवढंच विचारायचं होतं. माझा मित्र म्हणाला, "मोडू नका मामा, मंदी येणार म्हणतात, भाव अजून वाढंल." मामांनी लगेच विचारलं, "आन् महागाई वाढली तर?" तर मित्र म्हणाला, "तरी वाढंल की. सोनं कव्हा बी वाढतंच."

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. मंदीसोबतची महागाई, म्हणजे अर्थशास्त्रात ज्याला स्टॅगफ्लेशन म्हणतात ती, आणि खोल मंदी या दोन वेगळ्या आपत्ती आहेत आणि सोनं त्या दोन्हींत वेगळं वागतं. पहिलीत ते अनेक वर्षं चढत जातं, मधे एखादा मोठा खड्डा घेऊन. दुसरीत ते बहुतेक वेळा आधी पडतं, आणि चढतं ते नंतर, तेही सरकारांनी आणि मध्यवर्ती बँकांनी व्याज खाली आणलं तर. ज्याला वाट बघणं परवडतं त्याला हा फरक किरकोळ वाटेल. ज्याची बोरमाळ बँकेच्या तिजोरीत आहे आणि मुदत मार्चला संपतेय, त्याचं सगळं त्या फरकावर आहे.

सोनं व्याज देत नाही. कपाटात ठेवलं तर वर्षानं तेवढंच राहतं. तेव्हा सोनं बाळगणाऱ्याचं नुकसान किती, तर बँकेच्या ठेवीवर जे व्याज मिळालं असतं तेवढं. आता ठेवीवर सात टक्के मिळतात आणि महागाई चार टक्के आहे असं धरा. ठेवीदाराची खरी कमाई तीन टक्के झाली. तेवढ्यावर पाणी सोडून सोनं धरायला माणूस कचरतो. उलट ठेवीवर आठ टक्के आणि महागाई वीस असेल, तर ठेवीतला पैसा दरसाल बारा टक्क्यांनी झिजतोय, मग सोनं बाळगायला काही खर्चच येत नाही. व्याजातून महागाई वजा केली की जे उरतं, ते शून्याच्या वर आहे की खाली, यावर सोन्याची बरीचशी चाल ठरते. इतर कारणं आहेत, पण मी काउंटरवर बसायचो तेव्हा एवढं एक गणित पाठ असलं तरी भागायचं.

१९७० च्या दशकात हेच झालं. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस सोनं द्यायचं बंद केलं, आणि सोन्याच्या भावाला धरून ठेवणारा दोर सुटला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं. कारखाने थंडावले, अमेरिकेत बेरोजगारी वाढत १९७५ मध्ये नऊ टक्क्यांवर गेली, आणि तरीही किमती चढतच होत्या. मध्यवर्ती बँकेची अशा वेळी पंचाईत होते. महागाई मारायला व्याज वाढवावं तर कारखाने आणखी बसतात, कारखाने वाचवायला व्याज उतरवावं तर महागाई आणखी पेटते. त्या वर्षांत व्याज वाढलं, पण महागाईच्या मागे मागे, धापा टाकत. सोनं मात्र १९७३ च्या सुरुवातीला ६५ डॉलरच्या घरात होतं ते १९७४ संपता संपता १८० च्या पुढे होतं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते मराठवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची, नाहीतर तलावाच्या कामावर माती टाकायची, रोज दोन-तीन रुपये, आणि घरी मिलोची लाल भाकर. आमच्या आईनं त्या वर्षी तिच्या गळ्यातली दोन तोळ्यांची एकदाणी मोडली. तेव्हा मुंबईच्या बाजारात दहा ग्रॅमचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास होता. (खरा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर असतो, पण आता दहा ग्रॅमलाच सगळे तोळा म्हणतात, मीही तसंच म्हणतो.) सराफानं घट काढून काय हातावर टेकवलं असेल त्याचा हिशोब आईनं कधी सांगितला नाही. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच भाव पाचशेच्या पुढे होता. त्या वर्षी देशातली घाऊक महागाई पंचवीस टक्क्यांच्या आसपास होती आणि बँकेच्या ठेवीचं व्याज तिच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. म्हणजे सोन्यानं स्टॅगफ्लेशनमध्ये जे करायचं ते चोख केलं. पण आमची एकदाणी तेव्हा घरात नव्हती.

हा प्रसंग मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मराठवाड्यात जगाच्या स्टॅगफ्लेशनच्या आधी गावाची खोल मंदी येऊन गेली होती. पीक गेलं, मजुरी गेली, गावात कुणाकडेच रोकड नाही, आणि सगळे एकाच वेळी विकायला निघालेले. अशा वेळी सराफाच्या दारात रांग असते आणि रांगेतल्या माणसाला भाव विचारायची सोय नसते. सोन्याचा आलेख आणि सोनं असलेल्या घराचा आलेख वेगवेगळे असतात, हे मला तिथून कळलं.

आणि स्टॅगफ्लेशनचा आलेखही सरळ चढाचा नाही. अमेरिकी नागरिकांना चाळीसेक वर्षं सोनं बाळगायला बंदी होती. ती ३१ डिसेंबर १९७४ ला उठली. आता अमेरिकी जनता तुटून पडणार या आशेनं सगळ्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. जनता काही तुटून पडली नाही. त्यात अमेरिकेच्या खजिन्यानं आणि मग नाणेनिधीनं सोन्याचे लिलाव सुरू केले, आणि महागाईही बारा टक्क्यांवरून उतरत १९७६ पर्यंत निम्म्यावर आली. ऑगस्ट १९७६ मध्ये औंसाचा भाव शंभर डॉलरला टेकत होता. वीस महिन्यांत जवळपास निम्मं! मुंबईतही सरासरी भाव पाचशे चाळीसवरून चारशे तीसच्या घरात आला. १९७४ च्या शेवटी कर्ज काढून सोनं घेतलेला माणूस १९७६ मध्ये गावात तोंड दाखवायला लाजला असेल. आणि ज्यानं नुसतं ठेवलं, त्यानं जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलर पाहिले.

ही धाव थांबली कशी, हेही बघायला हवं, कारण तिथेच खोल मंदी सुरू होते. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे प्रमुख झाले. त्यांनी व्याज महागाईच्या मागे पळवणं थांबवून पुढे नेलं. १९८१ मध्ये तिथला अल्पमुदतीचा दर वीस टक्क्यांना भिडला. महागाई दहाच्या आसपास. म्हणजे ठेवीवर खरे आठ-दहा टक्के सुटत होते. अर्थव्यवस्था कोसळली, १९८२ च्या शेवटी बेरोजगारी १०.८ टक्के झाली, दुसऱ्या महायुद्धानंतरची तोपर्यंतची सगळ्यात वाईट. 'मंदीत सोनं वाढतं' हे खरं असतं तर ते तेव्हा वाढायला हवं होतं. जून १९८२ मध्ये औंस तीनशे डॉलरच्या खाली होता. १९८० चा तो ८५० चा भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडावं लागलं. एका माणसाची अख्खी नोकरी त्यात संपते.

२००८ ची मंदी मात्र मी स्वतः काउंटरच्या मागून पाहिली. मार्चमध्ये सोन्यानं पहिल्यांदा हजार डॉलरचा आकडा ओलांडला. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि त्या आठवड्यात सोनं एकदम उसळलं. आमच्या शाखेत सगळे म्हणाले, बघा, मंदी आली आणि सोनं पळालं. पाच-सहा आठवड्यांत तेच सोनं ७१५ डॉलरच्या आसपास आलं. कारण असं की ज्यांचे शेअर बुडाले होते, ज्यांनी डॉलरमध्ये उधार घेतलं होतं, त्यांना रोज संध्याकाळी पैसे भरायचे होते. अशा वेळी माणूस जे विकलं जातं ते विकतो, जे विकावंसं वाटतं ते नाही. बुडालेल्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हतं, सोन्याला होतं. न्यूयॉर्कमधल्या त्या फंडवाल्यात आणि बहात्तर सालच्या आमच्या आईत या बाबतीत काही फरक नाही. त्यात महागाईही गेली. जुलैत १४७ डॉलरला गेलेलं तेलाचं पिंप डिसेंबरात चाळीसच्या खाली होतं. महागाई पडली आणि व्याज अजून पुरतं उतरलं नव्हतं, म्हणजे ते 'व्याज वजा महागाई'चं गणित तेवढ्यापुरतं सोन्याच्या विरुद्ध गेलं.

मग डिसेंबरमध्ये फेडरल रिझर्व्हनं दर शून्य ते पाव टक्क्यावर आणला, नोटा छापून रोखे घ्यायला सुरुवात केली, आणि तिथून सोनं जे निघालं ते सप्टेंबर २०११ मध्ये १,९०० च्या जवळ जाऊन थांबलं. १९८२ आणि २००८, दोन्ही खोल मंद्या. एकीत व्याज चढं होतं तोवर सोनं पडत राहिलं, दुसरीत आधी पडलं आणि मग अडीचपट झालं. फरक मंदीच्या खोलीचा नव्हता, व्याजाचा होता. मार्च २०२० मध्येही हाच खेळ जलदगतीनं झाला. दहा-बारा दिवसांत सोनं १,६८० वरून १,४७० च्या आसपास उतरलं आणि ऑगस्टमध्ये २,०६० च्या वर होतं.

आता कुणी म्हणेल, २००८ मध्ये आमच्याकडे भाव एवढा कुठं पडला? बरोबर आहे. ते रुपयामुळे. मार्चमध्ये डॉलर चाळीस रुपयांना होता, ऑक्टोबर संपताना पन्नासच्या आसपास. हिशोब करून बघा. हजार डॉलर गुणिले चाळीस म्हणजे औंसाला चाळीस हजार, औंसात ३१.१ ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅम साधारण १२,८६० रुपये. नंतर ७१५ गुणिले पन्नास म्हणजे ३५,७५० आणि दहा ग्रॅमला सुमारे ११,५००. (आयातकर, वाहतूक सोडून.) डॉलरमध्ये अठ्ठावीस टक्क्यांहून जास्त पडझड, रुपयात जेमतेम अकरा. जगात घबराट झाली की परदेशी पैसा आपल्या बाजारातून पळतो, रुपया घसरतो, आणि ती घसरण सोन्याखाली गादीसारखी येते. भारतातल्या सोनं धरणाऱ्याला हा आधार मोठा आहे. पण त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. एप्रिल २०१३ मध्ये सोनं दोन दिवसांत दोनशे डॉलरच्या आसपास कोसळलं तेव्हा रुपया जागच्या जागी होता, आणि पडझड आपल्याला पुरती लागली. तेव्हा ना जगात खोल मंदी होती ना महागाई, पण गादी नसली की काय होतं ते दिसलं. शिवाय दिल्लीत एका अर्थसंकल्पातही भाव हलतो. जुलै २०२४ मध्ये आयातकर १५ टक्क्यांवरून ६ वर आणला आणि सराफ लाईनमधल्या फळ्यावर त्याच दिवशी हजारोंचा फरक पडला.

यात सार्वजनिक प्रश्न कुठला, तर सोनेतारणाच्या मर्यादेचा. पूर्वी तारणाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं घरखर्चासाठीच्या कर्जाची मर्यादा बदलली. अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. हेतू चांगला आहे, आणि त्यात काही शहाणपणाच्या अटीही आहेत. एकरकमी फेडायच्या कर्जात मुदतीअखेरचं व्याजही त्या ८५ मध्येच मोजायचं. दर लावताना तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा भाव यांतला कमी धरायचा. तरीही छोट्या कर्जदाराला सगळ्यात जास्त उचल देणं मला पटत नाही, आणि भाव विक्रमी असताना तर अजिबात नाही.

औशाच्या त्या मामांच्याच दागिन्यांचं गणित घेऊ. दोरा, लाख, खडे वजा जाता त्यांच्या सोन्याची किंमत बँकेनं २,८०,००० धरली असं समजा. ८५ टक्क्यांनी व्याजासह देणं २,३८,००० होतं. स्टॅगफ्लेशन आली, भाव चढत गेला, तर हे कर्ज सुखाचं आहे, वर्षानं सोडवताना हाती जास्त मोलाचा दागिना येतो. पण खोल मंदीचा पहिला फटका बसला आणि २००८ सारखा भाव रुपयात अकरा टक्के उतरला, तर सोनं २,४९,२०० चं उरतं. मधे फक्त ११,२०० ची फट. नियमाप्रमाणे ते प्रमाण मुदतभर टिकायला हवं, म्हणून बँक पैसे भरा किंवा आणखी सोनं आणा म्हणणार. आणि रुपयाची गादी नसेल, डॉलरइतकीच पडझड इथे लागली, तर सोनं दोन लाखांचं आणि देणं २,३८,०००. त्याच वेळी सोयाबीन पडलेलं असणार, कारण खोल मंदीत तेलबियाही पडतात. वाळूज किंवा चाकणला गेलेला पोरगा घरी परतलेला असणार. नोटीस येते, मग लिलाव, आणि पुढे तीन-चार महिन्यांत व्याज उतरून भाव जेव्हा वर निघतो तेव्हा बोरमाळ दुसऱ्याच्या घरात असते. १९७२ चीच गोष्ट, फक्त कागदपत्रं नीट. हेच देणं ६५ टक्क्यांवर, म्हणजे १,८२,००० वर थांबवलं असतं, तर त्या सगळ्यात वाईट पडझडीतही अठरा हजारांची फट राहिली असती आणि दागिना वाचला असता.

यावर उत्तर असं दिलं जातं की बँकेनं कमी दिलं तर उरलेल्या पैशांसाठी माणूस सावकाराकडे जातो, शेकडा तीन रुपये महिन्यानं. हे खोटं नाही. पेरणीच्या तोंडावर पंधरा हजार कमी पडले तर काय होतं ते मी पाहिलंय. म्हणूनच माझं म्हणणं मर्यादा सरसकट खाली आणा असं नाही. जास्त उचल द्यायची तर भाव पडल्यावर लिलावाआधी कर्जदाराला एक हंगाम तरी श्वास घेऊ द्या, किंवा सगळं सोनं न विकता देण्यापुरतेच दोन जिन्नस विकायची सोय द्या. आमच्या काळी एका पिशवीत सगळे दागिने एकत्र सीलबंद व्हायचे आणि एका कर्जापोटी सगळे अडकायचे. दोन पिशव्या, दोन कर्जं केली तर कर्जदाराचं नशीब बदलतं, पण फॉर्म दुप्पट भरावे लागतात म्हणून आम्हीच टाळायचो. यात मीही होतो.

कुठली आपत्ती दारात आहे हे ओळखायला सामान्य माणसाजवळ एक बरी खूण आहे, ती म्हणजे तेल. कामधंदा बसलेला आहे आणि कच्चं तेल, खत, वाहतूक चढतेच आहे, तर ती मंदीसोबतची महागाई. कामधंदा बसला आणि तेलही धाडधाड कोसळतंय, तर ती खोल मंदी, आणि पहिले काही महिने सोन्याकडून अपेक्षा ठेवू नये. पंपावरचा दर मात्र बघू नका, त्यात कर इतके कालवलेले असतात की उतार उशिरा झिरपतो. बातम्यांत कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव येतो, तो बघायचा. दुसरी खूण डॉलरची. तो आठवड्याभरात दोन-तीन रुपयांनी चढला तर कुठेतरी लोक रोकड शोधत धावतायत.

एक गोष्ट मात्र जुन्या हिशोबात बसत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई नऊ टक्क्यांवर गेली, व्याज झपाट्यानं वाढलं, आणि सोनं २,०५० वरून १,६३० पर्यंत उतरलं. इथवर सगळं नेमाप्रमाणे. पण त्यानंतर व्याज वर असतानाही सोनं चढतच राहिलं आणि २०२५ मध्ये चार हजार डॉलरच्या पुढे गेलं, कारण २०२२ पासून सलग तीन वर्षं देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. हा खरेदीदार व्याजाकडे बघत नाही. तो पुढच्या खोल मंदीतही उभा राहिला तर २००८ सारखा खड्डा कमी खोल असेल. पण रशियाच्या साठ्यांसारखे आपलेही डॉलर गोठवले जातील या भीतीनं सोनं घेणारा देश स्वतःच्या घरात रोकड आटली की ते विकतो किंवा गहाणही टाकतो. १९९१ मध्ये भारतानं तेच केलं होतं, आपलं सोनं लंडनला गहाण टाकून.

मामांनी शेवटी बोरमाळ गहाणच टाकली, मोडली नाही. बाईंनी मंगळसूत्राच्या वाट्या वेगळ्या काढून परत पदरात बांधल्या. कर्ज किती घेतलं ते मी विचारलं नाही. जाताना त्या माझ्या मित्राला म्हणाल्या, "भाव पडला तर फोन लावा भाऊ, चढल्यावर लावू नका."